ग्राहकाकडे हिरवी टिक, दुकानदाराकडे काहीच नाही

प्रश्न: नवी पेठेत चादरीचे ८५० रुपये यूपीआयने दिले. माझ्या मोबाईलवर पेमेंट झालं दिसतंय, दुकानदार म्हणतो आलंच नाही. खरं कुणाचं?

बहुतेक वेळा दोघांचंही. तुमचा स्क्रीन तुमच्या ॲपला मिळालेला निकाल दाखवतो. दुकानदाराचा स्पीकर किंवा मेसेज हा वेगळा निरोप असतो, तो पैसे जमा झाल्यावर निघतो. स्पीकरच्या सिमला रेंज नसेल, तर पैसे येऊनही तो गप्पच राहतो. कधी तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते, पण दुकानदाराच्या बँकेचं उत्तर वेळेत येत नाही. तेव्हा जमा खरंच उशिरा होते.

त्यामुळे टिक दाखवून वाद घालू नका. पेमेंटचा तपशील उघडा, त्यातला १२ आकडी यूटीआर, म्हणजे बँकांमधला व्यवहार क्रमांक, दुकानदाराला द्या. ॲपचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी वेगळा असतो, तो समोरच्याला शोधायला कामाचा नाही. दुकानदाराने मात्र स्क्रीनशॉट न बघता, जोडलेल्या खात्याच्या स्टेटमेंटमध्ये तोच यूटीआर शोधावा. खोट्या टिका दाखवणारी ॲप्सही फिरतात.

रक्कम जमाच झाली नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानाच्या पेमेंटला व्यवहारानंतर ५ दिवसांत ती परत यायला हवी. पुढे रोज १०० रुपये भरपाई.