अस्वस्थ मनाने ध्यानाची सुरुवात कशाने करावी: श्वास, जप की रूपध्यान?

प्रश्न: ध्यानाला बसलो की दोन मिनिटांत मन ऑफिसात पोचतं. कुणी म्हणतं श्वास बघ, कुणी म्हणतं जप कर, कुणी म्हणतं इष्टदेवतेचं रूप डोळ्यांसमोर आण. मी अगदी नवखा आहे, श्रद्धाळू म्हणावा असाही नाही, पण नाम घ्यायला अडचण नाही. यातलं आधी काय धरू?

उत्तर:

आधी जप धरा, तोही ऐकू येईल असा. श्वास त्याच्या पाठोपाठ आपोआप येईल, आणि रूपध्यान सध्या बाजूला ठेवा. आमच्याकडे संध्याकाळी बसायला येणाऱ्यांमध्ये तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेले बरेच असतात. त्यांच्याकडे बघून माझं हे मत पक्कं झालं आहे.

तुमचं मन ऑफिसात पोचतं म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी बघा. बहुतेकांच्या बाबतीत तिथे एक बोलणं चालू असतं. साहेबांना काय उत्तर द्यायचं, मेल कसा लिहायचा, काल कोण काय बोललं. ही अस्वस्थता शब्दांची आहे. आता एक प्रयोग करा. ओठ हलवत 'राम राम राम' म्हणत राहा आणि त्याच वेळी मनातल्या मनात एखाद्या पत्राची चार वाक्यं रचा. रचणं जड जाईल, नाहीतर 'राम' तरी थांबेल. आपण मनात जे बोलतो ते घोळवण्यासाठी मेंदूत एक छोटी वाट असते, आणि तोंडाने काही पुटपुटत राहिलं की ती वाट अडते. ऍलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तात्पुरत्या स्मृतीची मांडणी केली, त्यानंतर हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जप नवशिक्याला का धरून ठेवतो याचं मला पटलेलं सगळ्यात साधं कारण हेच.

श्वासाकडे बघताना ती वाट मोकळीच राहते. नाकपुडीशी हवेचा स्पर्श जाणवतोही आणि आत बोलणं चालूही राहतं. म्हणून तुम्हाला वाटतं की आपण श्वास बघतोय, आणि भानावर येता तेव्हा अख्खी मीटिंग मनात होऊन गेलेली असते. यात श्वासाच्या साधनेला कमी लेखण्याचा हेतू नाही. बौद्ध आचार्य बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाचव्या शतकातल्या ग्रंथात तर सतत विचार करत राहणाऱ्या स्वभावाला आनापान म्हणजे श्वासावरच मन टेकवणं योग्य ठरवलं आहे. पण त्याच ग्रंथात सुरुवात करणाऱ्याला श्वास मोजायला सांगितले आहेत, पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढे जायचं नाही. म्हणजे तिथेही पहिल्या पायरीवर मनाच्या हाती आकडा दिलेला आहे.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीनेक दिवस नुसता श्वास बघतात, आणि तिथे अनेकांना ते जमतं. पण तिथे फोन नसतो, बोलणं नसतं, पहाटेपासून रात्रीपर्यंत दहा तासांहून जास्त बैठक असते. दिवसभराच्या कामानंतर घरी मिळणारी पंधरा मिनिटं ही वेगळी परिस्थिती आहे. तुम्ही त्या शिबिराला जाणार असाल, तर मात्र मी इथे सांगतोय ते सोबत नेऊ नका. ही पद्धत तिथे शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींनी श्वासाबरोबर मंत्र किंवा कल्पना मिसळू नये असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि त्या पद्धतीत ते बरोबर आहे.

श्वासाची दुसरी अडचण अस्वस्थ माणसालाच जास्त येते. लक्ष दिलं की श्वास आपल्या हातात येतो. मग तो 'नीट' घ्यावासा वाटतो, दीर्घ घ्यावासा वाटतो, पुरत नाहीसा वाटतो. याची खूण सोपी आहे: मधूनमधून उसासा टाकावा लागतो, खोटी जांभई येते, छातीचा वरचा भाग आवळतो. असं झालं की श्वासाकडे जास्त बारकाईने बघून ते सुटत नाही, उलट वाढतं.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचं सांगतो. ऑडिटचं काम, मार्चअखेर चालू होती. ती मोबाइलवरच्या सूचना ऐकत श्वासाची बैठक करायची आणि थोड्याच वेळात गुदमरल्यासारखं होऊन डोळे उघडायची. मग तिने विठ्ठलाचं रूप आणायचा प्रयत्न केला. मूर्ती क्षणभर यायची, मग तुळशीहार कसा होता, कटेवरचे हात नेमके कसे, असं करता करता ती पंढरपूरच्या सहलीत शिरायची आणि तिथून सहलीला आलेल्या नातेवाइकांच्या भांडणात. तिला आम्ही तुळशीची माळ दिली आणि 'श्रीराम जय राम जय जय राम' हा गोंदवलेकर महाराजांचा तेरा अक्षरी मंत्र दिला, कारण तो तिच्या आजीकडून कानावर पडलेला होता. सांगितलं एवढंच: एका उच्छ्वासात दोनदा, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही पण स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात, आणि मग तोंड मिटून श्वास येईल तसा येऊ द्यायचा.

हिशेब बघा. एकदा म्हणायला साधारण तीन सेकंद, दोनदा म्हणजे सहा, श्वास आत यायला तीन. मिनिटाला सहा-सात श्वास झाले. आपण एरवी बसल्या बसल्या मिनिटाला बारा ते सोळा घेतो. एका मण्याला एकदा म्हटलं तर १०८ मण्यांची एक माळ आठेक मिनिटांत होते. श्वासाचं नावही न काढता तिचा श्वास निम्म्यावर आला होता, आणि गुदमरणं पहिल्या काही दिवसांतच गेलं. लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच मोजून दाखवलं होतं. 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणताना आणि लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. म्हणजे तुमची श्रद्धा किती आहे यावर हा भाग अवलंबून नाही. चाल आणि लांबी महत्त्वाची.

म्हणून मंत्र निवडताना फार शोधाशोध करू नका. लहानपणी कानावर पडलेला, जीभ न अडखळता म्हणता येणारा, एका उच्छ्वासात एकदा किंवा दोनदा बसणारा असला की झालं. 'रामकृष्णहरी' चालेल, 'ॐ नमः शिवाय' चालेल. देवाचं नाव नकोच वाटलं तर 'सोऽहम्' घ्या. ज्याची दीक्षा घ्यावी लागते असा मंत्र पुस्तकातून उचलू नका. एकदा घेतला की निदान महिनाभर बदलू नका, कारण कुठला बरा याचा विचार सुरू झाला की मनाला बोलायला नवा विषय मिळतो.

माळ उजव्या हातात, मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी आत ओढायचा, तर्जनी लांब. माळ जिथे जोडलेली असते तिथला मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. हा संकेत मला व्यवहारातही फार उपयोगी वाटतो, कारण मेरू बोटाला लागला की क्षणभर थांबून विचारता येतं: शेवटचे दहा-वीस मणी मला आठवतात का?

आठवत नसतील, तर जपाची नेहमीची गडबड झालेली आहे. जीभ सवयीने चालते आणि तिच्या शेजारून विचारांना पुन्हा वाट सापडते. अशा वेळी दोन गोष्टी घडलेल्या असतात: वेग वाढलेला असतो आणि आवाज आत गेलेला असतो. परंपरेत जपाचे तीन प्रकार आहेत. वाचिक म्हणजे आवाजात, उपांशु म्हणजे ओठ हलतात पण दुसऱ्याला ऐकू येत नाही, आणि मानस म्हणजे मनातल्या मनात. मनुस्मृतीत मानस जपाचं फळ सगळ्यात मोठं सांगितलं आहे, आणि त्यामुळे नवीन माणूस पहिल्याच दिवशी मानस जप करायला बसतो. मग एकतर झोप लागते, नाहीतर मन भटकतं. वाचिकापासून सुरू करा. माळ भरकटली की पुन्हा आवाजात या, वेग कमी करा आणि म्हणण्यापेक्षा ऐकण्यावर भर द्या. सलग काही माळा मेरूपर्यंत भान राहिलं, की मग उपांशु.

श्वासाकडे कधी जायचं? त्यासाठी वेगळी तारीख ठरवावी लागत नाही. माळ संपली की लगेच उठू नका. माळ मांडीवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं नुसते बसा. श्वास आधीच मंदावलेला असतो, त्यामुळे त्यात ढवळाढवळ करण्याची ओढ कमी असते. तिथे श्वास बघा. बोलणं सुरू झालं तर आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हम्' इतकाच आधार घ्या. ही दोन-तीन मिनिटं सहज पाच-सात व्हायला लागली, की तुम्ही श्वासाच्या साधनेला तयार आहात. माळ तेव्हा आपोआप अर्ध्यावर येते. त्या ऑडिटवाल्या मुलीची आता बहुतेक बैठक श्वासावर असते, पण कामाचा ताण वाढला की ती पुन्हा माळ घेते, आणि ते योग्यच आहे.

रूपध्यानाबद्दल थोडक्यात. चित्र उभं करायला आणि उभं ठेवायला स्थिर मन आधीच लागतं, म्हणून मी ते पुढे ढकलतो. शिवाय सगळ्यांना मनात चित्र दिसतंच असं नाही. काहींना डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. डॉ. ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये याला 'अफँटेझिया' हे नाव दिलं. डोळे मिटून घराचा दरवाजा बघा. रंग, कडी, पाटी काहीच उमटलं नाही, तर रूपध्यान जमत नाही म्हणून खंत करू नका. उलट सगळं लख्ख दिसत असेल, तर 'यथाभिमतध्यानाद्वा', म्हणजे मनाला रुचेल त्याचं ध्यान करा, असं म्हणणारे योगसूत्रकार पतंजली तुमच्या बाजूने आहेत. तरी पूर्ण मूर्तीऐवजी समईची एक ज्योत घ्या, म्हणजे तपशिलातून गोष्ट सुरू होणार नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. तुमची अस्वस्थता बोलण्याची नसून अंगाची असेल, म्हणजे पाय हलत राहतात, बसणंच सोसत नाही, तर बसून जप करायचा हट्ट धरू नका. चालत करा, एका पावलाला एक अक्षर धरून, गच्चीवर किंवा मोकळ्या रस्त्याने, फोन घरी ठेवून. वारीत माणसं दिवसभर तेच करतात. वीस मिनिटं चालून झाल्यावर एक माळ बसून करा. आणि रात्री झोपच येत नसेल, छातीत धडधड होऊन घाबरंघुबरं होत असेल किंवा शांत बसलं की जुनं काही भयंकर आठवून अंग थरथरत असेल, तर आधी डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जप त्यांच्या उपचारासोबत चालू शकतो, त्याऐवजी नाही.