बातमी तीच, सूर वेगळा : ‘करून दाखवलं’ऐवजी काय लिहावे?

प्रश्न : मी ठाण्यात राहते. सीए फायनलचे दोन्ही ग्रुप पहिल्या प्रयत्नात पास झाले म्हणून फोटोखाली लिहिलं : ‘अखेर करून दाखवलं! कोणताही क्लास न लावता, पहिल्याच प्रयत्नात सीए फायनलचे दोन्ही ग्रुप क्लिअर! ज्यांना वाटत होतं हिला जमणार नाही, त्यांना हे उत्तर. आता नावाआधी सीए! मेहनत माझी, यशही माझंच.’ ऐरोलीच्या आत्याचा फोन आला, ‘बातमी छान गं, पण भांडल्यासारखं लिहिलंयस.’ खरं तर ऑफिसमधली सीनियर ताई दर रविवारी माझी ऑडिटची उत्तरं तपासायची, चुकलेलं पुन्हा लिहायला लावायची. नौपाड्यातल्या अभ्यासिकेतून मी रात्री घरी येईपर्यंत आई जेवायची थांबायची. बातमी न बदलता हे कृतज्ञतेने कसं लिहू?

उत्तर : तुमच्या मजकुरातील बातमी एका वाक्याची आहे : सीए फायनलचे दोन्ही ग्रुप पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. या वाक्यात बढाई कोठेही नाही. प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि एकूण 50 टक्के गुण मिळाल्याखेरीज हा निकाल लागत नाही, आणि ज्यांना ही परीक्षा ठाऊक आहे त्यांना त्या एका वाक्याचे वजन आपोआप कळते. म्हणून बातमी सौम्य करण्याची, ‘छोटेसे यश’ वगैरे म्हणण्याची काहीच गरज नाही. आत्याबाईंना जे खटकले ते बातमीच्या भोवती बसलेल्या चार-पाच शब्दांत आहे, आणि ते शब्द नेमके शोधून काढता येतात.

पहिला शब्द ‘करून दाखवलं’. मराठीत ‘दाखवणे’ हे क्रियापद दुसऱ्या क्रियापदाला जोडले की त्यात एक प्रेक्षक येतो, आणि बहुधा तो शंका घेणारा प्रेक्षक असतो. ‘मी पोहले’ हे निवेदन आहे. ‘मी पोहून दाखवले’ यात ‘तुम्ही नाही म्हणत होतात ना’ हे न बोलता ऐकू येते. गंमत अशी की हेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडी कौतुक ठरते. ‘पोरीने करून दाखवले’ असे तुमच्या आत्याबाई म्हणाल्या असत्या, तर कोणालाही ते खटकले नसते. म्हणून एक साधी परीक्षा सुचवते : आपले वाक्य आत्याच्या तोंडी घालून पाहावे. तिच्या तोंडी ते शोभत असेल आणि आपल्या तोंडी टोचत असेल, तर ते तिच्यासाठी राखून ठेवावे. ती ते प्रतिक्रियेत लिहीलच. जाता जाता, तुमच्या मजकुरात ‘अखेर’ आणि ‘पहिल्याच प्रयत्नात’ हे शेजारी-शेजारी आहेत, आणि त्यांचे आपसात पटत नाही. ‘अखेर’ दीर्घ प्रतीक्षा सांगतो, तर ‘पहिल्याच’ झटपट यश सांगतो. दोन्ही शब्द केवळ जोर आणण्यासाठी आले आहेत, हे वाचणाऱ्याला येथेच कळते.

दुसरे, ‘च’. ‘पहिल्या प्रयत्नात’ ही माहिती आहे, तर ‘पहिल्याच प्रयत्नात’ हा त्या माहितीवरचा शेरा आहे, आणि तो शेरा दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या तुमच्या मैत्रिणींपर्यंत पोहोचतो. ‘यशही माझंच’ मधील ‘च’ त्याहून कडक आहे, कारण तो इतर सर्वांना दाराबाहेर उभे करतो. त्यात रविवारी उत्तरे तपासणारी ताईही आली आणि जेवायची थांबणारी आईही आली. ‘पहिल्या’ ठेवावे आणि दोन्ही ‘च’ काढावेत. बातमीतील एकही अक्षर कमी होणार नाही.

आता ‘कोणताही क्लास न लावता’ याकडे येऊ, कारण संपादनाचे खरे काम येथे आहे. हे वाक्यांश खोटे नाही, पण ‘न लावता’ ही रचना स्वतःची उंची दुसऱ्यांच्या क्लासवर मोजते. बहुतेक जण सांगतील की हे सरळ खोडून टाका. मला मात्र ते ठेवावेसे वाटते, फक्त त्याची जागा बदलून. तुमचीच दोन वाक्ये जोडून पाहा : ‘क्लास लावला नव्हता, ऑडिटची उत्तरं दर रविवारी ताई तपासून द्यायच्या.’ माहिती तीच राहिली, पण पहिल्या मांडणीत क्लास नसणे हा तुमचा पराक्रम होता आणि दुसऱ्या मांडणीत ती उणीव आहे, जी ताईंनी भरून काढली. क्लास नव्हता म्हणूनच ताईंच्या रविवारांना मोल आले. ज्या तपशिलाने फुशारकी होत होती, त्याच तपशिलाने आभाराला कारण मिळाले.

‘ज्यांना वाटत होतं हिला जमणार नाही’ या वाक्याला मात्र सभ्य रूप नाही. ते कितीही मऊ केले, तरी वाचणारा प्रत्येक नातेवाईक ‘हे माझ्याबद्दल तर नाही?’ असे मनात विचारणारच. ते काढावे. ‘मलाच जमेल असे वाटत नव्हते’ असा बदल काही जण करतात. ते खरे असेल तरच करावा, अन्यथा तो उसना विनय होतो आणि उसना विनय लगेच ओळखू येतो. ‘नम्रपणे सांगू इच्छिते की’ हाही त्याच घरातला पाहुणा.

‘आता नावाआधी सीए’ याबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण येथे सुराबरोबर अचूकताही सुटली आहे. फायनल उत्तीर्ण होणे आणि इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाचे सदस्य होणे या दोन पायऱ्या आहेत. आर्टिकलशिप आणि इतर अटी पुऱ्या करून सदस्यत्वासाठी अर्ज करावा लागतो, आणि नावाआधी ‘सीए’ लावण्याचा हक्क सदस्यांचा असतो. सदस्यत्व मिळाले नसेल तर तूर्त ‘उत्तीर्ण झाले’ एवढेच लिहावे. ते मिळेल तेव्हा त्याची स्वतंत्र बातमी होईल.

या संदर्भात तुम्हाला बहुधा एक ठरलेला सल्ला मिळेल, तो म्हणजे ‘मिळवले’च्या जागी ‘मिळाले’ लिहा, ‘मी’च्या जागी ‘मला’ लिहा. ‘मी यश मिळवले’ यापेक्षा ‘मला यश मिळाले’ हे विनयशील वाटते हे खरे, आणि पुरस्कार, शिष्यवृत्ती, सदस्यत्व अशा ठिकाणी ते चपखलही बसते, कारण तेथे देणारा कोणीतरी असतो. परीक्षेत मात्र पेपर तुम्ही लिहिला आहे. तेथे ‘मला यश मिळाले’ असे म्हटल्याने केवळ कर्ता धूसर होतो, त्याने कोणाचे ऋण मान्य होत नाही. शिवाय ‘उत्तीर्ण झाले’ या तुमच्या क्रियापदात मिरवणे मुळातच नाही, तेव्हा तेथे हात लावण्याचे कारण उरत नाही.

कृतज्ञता दिसते ती दुसऱ्या माणसाला वाक्यात कर्त्याची जागा आणि स्वतःचे क्रियापद दिल्याने. ‘ताईंमुळे पास झाले’ हे त्या मानाने कच्चे आहे. एक तर ‘मुळे’ हा कारण सांगणारा कोरडा शब्द आहे. पावसामुळे लोकल रखडते, तोच शब्द ताईंनाही लागतो. दुसरे म्हणजे ताईंनी काय केले हे त्यातून कळत नाही, आणि ‘तुझा पेपर काय त्यांनी लिहिला का?’ असा खोडसाळ प्रश्न विचारायला जागा राहते. ‘ताई दर रविवारी उत्तरं तपासून द्यायच्या आणि चुकलेलं पुन्हा लिहायला लावायच्या’ यात त्यांचे काम दिसते, किती दिवसांच्या अंतराने ते चालले तेही दिसते, आणि पुन्हा लिहिण्याची मेहनत तुमची होती हेसुद्धा कोणी न सांगता समजते. ‘ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मदत केली त्या सर्वांचे आभार’ हे वाक्य लग्नपत्रिकेच्या तळाशी शोभते. फोटोखाली दोन माणसे नेमकेपणाने आली तर पुरे.

आईच्या बाबतीत एक अडचण आहे. आपल्याकडे आईचे ‘आभार’ मानत नाहीत. ‘आई, तुझे मनःपूर्वक आभार’ हे व्याकरणशुद्ध असूनही सत्कारसमारंभातले वाटते, आणि ‘आईच्या आशीर्वादाने’ इतके वापरून झाले आहे की त्यात तुमची आई दिसत नाही. तुमच्याजवळ त्याहून चांगले वाक्य आधीच आहे : आई जेवायची थांबायची. ते तसेच ठेवावे. ताईंना मात्र आभार जरूर म्हणावेत, कारण त्या ऑफिसातल्या आहेत आणि त्यांच्यावर ते बंधन नव्हते. घरी तुम्ही त्यांना एकेरीत ‘ताई’ म्हणत असलात, तरी चारचौघांत लिहिताना ‘द्यायच्या’, ‘लावायच्या’ असे आदरार्थी रूप घ्यावे. ऑफिसातील इतर लोकही ते वाचणार आहेत.

क्रमाबद्दल माझे मत असे की बातमी आधी, आभार नंतर. आभाराचे चार परिच्छेद झाल्यावर शेवटी निकाल सांगितला, की वाचणाऱ्याला तो मुद्दाम लपवून ठेवल्यासारखा वाटतो, आणि लपवून दाखवणे हेही दाखवणेच झाले. एवढे सारे ध्यानात घेऊन मजकूर असा होईल :

‘सीए फायनलचे दोन्ही ग्रुप पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. क्लास लावला नव्हता. ऑडिटची उत्तरं दर रविवारी ऑफिसमधल्या ताई तपासून द्यायच्या आणि चुकलेलं पुन्हा लिहायला लावायच्या. अभ्यासिकेतून मी घरी येईपर्यंत आई जेवायची थांबायची. ताई, तुमचे मनापासून आभार. आणि आई, आता वेळेवर जेव.’

‘ऑफिसमधल्या ताई’ येथे त्यांचे नाव घालावे, पण त्यांना आधी विचारून. ‘उत्तरं’, ‘चुकलेलं’ ही बोलीतील अनुस्वाराची रूपे मी मुद्दाम ठेवली आहेत, कारण तुमचा मूळ मजकूर तसा होता. लेखी ‘उत्तरे’, ‘चुकलेले’ हवे असेल तर सगळीकडे तेच करावे, सरमिसळ नको. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एवढे लांब नको असेल, तर पहिले वाक्य आणि ताईंचे वाक्य ठेवावे, आईचे वाक्य तिला प्रत्यक्ष सांगावे. आणि वडील स्वतःच्या खात्यावर हा फोटो टाकणार असतील, तर त्यांनी ‘लेकीने करून दाखवले’ असे खुशाल लिहावे. आत्याबाईंची त्याला हरकत नसेल.