फील्ड टेक्निशियनच्या अर्जात फ्रेशरने काय लिहावं?

प्रश्न: डिप्लोमा झाला, ई अँड टीसी. गाव दारव्ह्याजवळ. अनुभव फक्त ट्रेनिंगचा. टेलिकॉम कंपनीत फील्ड टेक्निशियनच्या जागेसाठी अर्ज करतोय. पत्रात काय लिहू?

उत्तर: फायबरच्या कामावर बारा वर्षं काढली, आता नवीन पोरांचे अर्ज माझ्याकडेच येतात. ‘मी मेहनती व होतकरू आहे’ हे वाक्य सगळ्यांत असतं, म्हणून मी ते वाचतच नाही. मी एकच पाहतो: यानं कधी मीटर हातात धरून बिघाड शोधला आहे का?

ट्रेनिंगमधला एखादा कॉल आठवा आणि पत्राच्या मधल्या परिच्छेदात तोच सांगा. आमच्याकडच्या एका पोरानं असं लिहिलं होतं:

“ग्राहकाच्या ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता. घरात पॉवर मीटरवर -31 डीबीएम आले. कनेक्टर साफ केला, फरक पडला नाही. खांबावरच्या डब्यात स्प्लिटरच्या त्याच पोर्टवर -19 होते. मधली ड्रॉप केबल साधारण 150 मीटर. लाल लाइटचा पेन लावला तर टिनाच्या कडेला तारेनं आवळून बांधलेल्या जागी उजेड बाहेर पडताना दिसला. केबल सोडवून मोठ्या वळणानं बांधली, घरात -20 आले.”

एवढ्यावरच मी त्याला बोलावलं. दीडशे मीटर केबल आणि दोन कनेक्टर मिळून एक डीबीच्या आसपास जायला हवं. इथं बारा जात होते, म्हणजे दोष डबा आणि घर यांच्या मध्येच. शिवाय केबल तुटली असती तर मीटरवर जवळपास काहीच आलं नसतं. पोरानं अंदाजानं ओएनटी बदलला नाही, हे मला आवडलं. आणि आकड्यामागचं वजा चिन्ह विसरू नका; ते गाळलेलं दिसलं की मीटर दुसऱ्यानं धरला होता हे कळतं.

न केलेलं काम केलं म्हणून लिहू नका. स्प्लायसिंग नुसतं पाहिलं असेल तर ‘पाहिलं आहे’ असंच लिहा. मी हमखास विचारतो, फायबर जोडण्याआधी सगळ्यात पहिले काय करता? हातानं केलेला लगेच सांगतो, स्लीव्ह ओवून घेतो. नुसतं पाहिलेला क्लीव्हरपासून सुरुवात करतो. जोड झाल्यावर स्लीव्ह आठवली तर जोड तोडून परत करावा लागतो.

शेवटी दोन ओळी, पण त्या नक्की हव्यात: स्वतःची गाडी आणि लायसन आहे, दारव्हा, दिग्रस, आर्णीचे रस्ते माहीत आहेत, रात्रीच्या कॉलला येईन. गोरमाटी येत असेल तर तेही लिहा. तांड्यावर केबल कोणाच्या घरावरून न्यायची हे बोलूनच ठरतं. मार्कांचा टक्का बायोडाटात असतोच, पत्रात नको.