जुन्या फोटोची कॉपी वाकडी येते? आधी आरसा ठेवा

तुम्ही स्टँडला फोन लावून गोदाघाटावरच्या जुन्या फोटोची कॉपी काढलीत, ती वर निमुळती आलीय, कारण फोन किंचित कललेला आहे. फोटोच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवा. फोनच्या लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मधोमध येईपर्यंत स्टँड सरकवा, कलवा. आलं की फोन समांतर झाला. आता आरसा काढा, फोटो ठेवा, फोकस पुन्हा घ्या.

फोटोवर चमक येऊ नये म्हणून फ्लॅश आणि वरची ट्यूबलाइट बंद. खिडकीचा उजेड बाजूने, तिरपा येऊ द्या. थेट ऊन नको. वाड्यातली खिडकी लहान असेल तर सरळ दारापाशी बसा. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली फिकी होते.

फोन अगदी जवळ नेऊ नका, त्याचीच सावली पडते. फूटभर वर ठेवून थोडं झूम करा. आणि हो, अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, तसाच टिपायचा.