नवरा प्यायल्यावरच प्रेमानं बोलतो, ते किती धरायचं?

"लग्नाला चार वर्षं झाली. एरवी हो-नाहीच्या पुढे बोलत नाही, पण शनिवारी प्यायला बसला की जवळ घेतो, सॉरी म्हणतो, कधी रडतोही. यातला खरा कोणता?"

दोन्ही तोच. पण हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आमच्याकडेही शनिवारच असायचा. पहिला पेग संपत आला की ह्याचा आवाजच बदलायचा, तू होतीस म्हणून घर उभं राहिलं वगैरे, आणि मी वेडी, स्वतःच शेंगदाण्यात कांदा-लिंबू घालून चखणा पुढे ठेवायचे, कारण आठवड्यात तेवढेच दोन तास कुणी माझ्याशी गोड बोलायचं.

प्यायल्यावर पोटातलं ओठावर येतं म्हणतात ना, ते अर्धंच खरं आहे. दारूनं माणसाचं लक्ष आखडतं. समोर आहे तेवढंच दिसतं, लाज, उद्याची काळजी, कालचं भांडण सगळं मागे पडतं. समोर तुम्ही हसत बसलात तर माया उफाळते, आणि त्याच वेळी कुणी टोचून बोललं तर राग तेवढ्याच जोरात. म्हणजे माया खोटी नसते, पण तिच्यापायी तो सोमवारी काय करेल हे त्यातून कळत नाही.

मी दोन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या, काय बोलला, कितव्या पेगला, आणि पुढे त्याचं काय झालं. रविवारी चहा झाल्यावर टोमणा न मारता विचारायचे, "काल म्हणालास आईला गुडघे दाखवायला इकडे आणू, तर कधी?" पहिल्या-दुसऱ्या पेगचं त्याला आठवायचं, फक्त नजर चुकवायचा. क्वार्टर पोटात गेल्यानंतरचं मात्र पाटी कोरी. मला वाटायचं नाटक करतोय, पण भराभर जास्त प्यायली की माणूस बोलतो-चालतो आणि मेंदू ते साठवतच नाही. ते बोलणं मी हिशोबातून काढलं, कितीही गोड असलं तरी. उरलेल्यातलं एकच झालं, आईला आणलं, ते पण मी तीनदा विचारल्यावर.

मग चखणा बंद केला आणि सांगितलं, जे बोलायचं ते सकाळी बोल, प्यायलेला असताना मी ऐकणार नाही. महिनाभर घरात शांतताच. हा घुम्या घरात वाढलाय, तोंडानं जमतच नाही. आता कधीतरी ऑफिसातून मेसेज येतो, "दमली असशील तर जेवण बाहेरून आणतो". एवढंच.

तुमचा नवरा शनिवारीच पितो म्हणून हे लिहिलं. रोज पिणारा असेल तर "महिनाभर सोडून दाखव" असली परीक्षा घेऊ नका, एकदम बंद केल्यानं थरथर सुटते, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या मदतगटाच्या बैठका असतात, तो आला नाही तरी तुम्ही जाऊ शकता. आणि प्यायल्यावर कधी हात उचलत असेल तर ही कॅलेंडरची भानगड करत बसू नका, आधी माहेरी किंवा मैत्रिणीकडे जा.