हातउसन्या पैशांच्या दाव्यात वादास कारण कुठून धरायचं?

*मित्राला हातउसने 4 लाख दिले होते, त्यातले 50 हजार परत आले. वकिलांनी वादपत्राचा कच्चा मसुदा पाठवलाय. सही करण्याआधी वादास कारण, मूल्यांकन, मागण्या आणि सत्यापन यांत मी काय तपासू?*

आधी वादास कारणाचं, म्हणजे दावा करायचा हक्क कधी आणि कशामुळे मिळाला हे सांगणारं, कलम उघडा. तिथे बहुतेक असं काही असेल: "नोटीस मिळूनही प्रतिवादीने रक्कम दिली नाही, सबब वादास कारण घडले." हे वाक्य आम्ही वकील एका मसुद्यातून दुसऱ्यात सहज उचलतो. हातउसन्या पैशांत मात्र ते घात करतं. "मागशील तेव्हा देईन" अशा बोलीवर दिलेल्या पैशांसाठी दावा लावायची तीन वर्षांची मुदत पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात, मागितले त्या दिवसापासून नाही. नोटीस कितीही कडक असली तरी तिने मुदत वाढत नाही.

तुम्ही तारखा दिलेल्या नाहीत, म्हणून मीच धरतो. 12 ऑगस्ट 2022 ला तुम्ही 4 लाख बँकेतून पाठवले. 4 मार्च 2024 ला त्याने स्वतःच्या सहीचा 50 हजारांचा चेक दिला आणि तो वटला. 10 सप्टेंबर 2025 ला नोटीस गेली आणि दावा 10 फेब्रुवारी 2026 ला दाखल होतोय. मूळ मुदत 12 ऑगस्ट 2025 लाच संपली, म्हणजे नोटिशीच्याही आधी. तुम्हाला वाचवतो तो चेक. मुदत चालू असताना झालेली अंशतः परतफेड आणि तिची देणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद असेल, तर मुदत कायद्याच्या कलम 19 प्रमाणे त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. तेच 50 हजार रोख आले असते आणि त्याच्या हातचं काही लिखित नसतं, तर हा आधार मिळाला नसता.

शिवाय ही गोष्ट वादपत्रातच लिहावी लागते. मुदत उलटून गेलेली दिसत असेल तर ती कशामुळे वाचते हे वादपत्रात सांगा, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 7, नियम 6 म्हणतो. ते नसेल तर समोरचा वकील नियम 11 खाली वादपत्र फेटाळण्याचा अर्ज देतो, आणि त्या अर्जावर मुख्यतः तुमचंच वादपत्र वाचलं जातं. म्हणून कलम साधारण असं हवं:

"वादास कारण दि. 12/08/2022 रोजी वादीने प्रतिवादीस रक्कम दिली तेव्हा घडले. प्रतिवादीने दि. 04/03/2024 रोजी स्वतःच्या सहीच्या चेकने मुद्दलापोटी रु. 50,000/- दिल्याने त्या तारखेपासून नवीन मुदत सुरू झाली असून दावा मुदतीत आहे."

पैसे कुठून दिले आणि प्रतिवादी कुठे राहतो हेही याच्याच आसपास येतं, कारण कोर्टाचा स्थानिक अधिकार त्यावर ठरतो.

मूल्यांकन तुमच्या दाव्यात सोपं आहे: जेवढी रक्कम मागता तेवढंच मूल्य, कोर्ट फी आणि अधिकारक्षेत्र दोन्हींसाठी. फक्त हिशेब उघडा मांडा. मुद्दल बाकी 3,50,000. व्याजाचा करार नव्हता, मग 2022 पासून व्याज लावू नका. व्याज मागू असं नोटिशीत लिहिलं असेल तर नोटिशीपासूनचं मागता येतं. द.सा.द.शे. 6 ने पाच महिन्यांचे 8,750 होतात, म्हणजे मूल्य 3,58,750. दावा दाखल झाल्यानंतरचं व्याज यात धरायचं नाही, ते फक्त मागणीत लिहायचं.

मागण्यांचा आकडा मूल्यांकनाच्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळला पाहिजे. नाहीतर दाखल करतानाच कचेरीतून आक्षेप निघतो. 3,58,750 द्यावेत, दाव्याच्या तारखेपासून वसुलीपर्यंत व्याज द्यावं, खर्च द्यावा, एवढं पुरे. "इतर योग्य ती दाद" हे शेवटचं वाक्य सगळे लिहितात. त्याच्या भरवशावर काही सोडू नका. नोटिशीपासूनचं व्याज आता मागितलं नाही, तर त्यासाठी पुढे वेगळा दावा करता येत नाही.

सत्यापनात कलमांचे आकडे स्वतः मोजा. कोणती कलमं तुमच्या स्वतःच्या माहितीची आणि कोणती इतरांकडून मिळालेल्या, खरी वाटणाऱ्या माहितीची, हे वेगळं लिहायचं असतं, खाली ठिकाण, तारीख आणि सही. पैसे, चेक, नोटीस ही तुमची माहिती. मुदतीचं आणि कोर्ट फीचं कायदेशीर म्हणणं वकिलांच्या सल्ल्यावरून. वकिली नवी असताना मी जुन्या दाव्यातून सत्यापन उचललं आणि अकरा कलमांच्या वादपत्राखाली "कलम 1 ते 14" राहून गेलं. अशी चूक दुरुस्त होते, दावा त्याने बुडत नाही. पण उलटतपासात माझ्या पक्षकाराला पहिलाच प्रश्न आला, "बारावं कलम काय होतं हो?" वादपत्रासोबत प्रतिज्ञापत्रही लागतं, त्यातलेही आकडे बघा.