फोटो तोच, माणूस दुसराच: तुमचे प्रश्न

तालुक्याच्या गावात स्टुडिओ चालवून राहिलो, आधी लग्नाचे अल्बम करायचो, आता अर्धं काम जुने फोटो दुरुस्त करायचं. पितृपक्ष जवळ आला की एकच तक्रार दहा तोंडांनी येते, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ॲपवर बाबांचा फोटो साफ केला, मग शर्ट बदलला, मग रंगीत केला. आम्हाले तर बाबाच दिसतात पण आई म्हणते हे कोन होय? (दारव्हा)

आईचं बरोबर आहे. तुम्ही दर वेळेस नवीन फोटो कशाशी ताडून पाहिला? आधीच्या एडिटशी. तिथंच सगळे फसतात आणि मी हे सांगून सांगून थकलो.

हे एआयवाले ॲप फक्त शर्ट बदलत नाहीत भाऊ. तुम्ही म्हणता शर्ट बदल, ते बहुतेक वेळा पूर्ण चित्र नव्यानं काढतं, चेहऱ्यासकट. जिथं फोटो पुसट आहे तिथं अंदाजानं भरतं, आणि अंदाज म्हणजे चारचौघांसारखा चेहरा: डोळे जरा मोठे, जबडा जरा निमुळता, दोन्ही भुवया एका मापाच्या. एका वेळेस फरक इतका बारीक असतो की डोळ्याला दिसतच नाही, पण दुसरं एडिट त्या बिघडलेल्या चेहऱ्यावर होतं, तिसरं त्याच्यावर, आणि तो वाढत जातो.

मागच्या वर्षी एका घरचं असंच आलं होतं. पासपोर्ट साइजचा फोटो, गालावर शिक्क्याची शाई. मी 1200 डीपीआयला स्कॅन केला, दोन बुबुळांमधलं अंतर आलं 420 पिक्सेल आणि डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत 760. पोरानं घरी पाच एडिट करून ठेवले होते, ते पाचही त्याच्याकडून मागवले, सगळ्यांची बुबुळं 420 वर आणली आणि हनुवटी मोजली: 755, 749, 744, 740, 738. लागोपाठच्या दोन फोटोंत सहा पिक्सेलच्या वर फरक कुठंच नाही, म्हणून पोरगा म्हणे मस्त झालं. मूळ फोटोशी लावलं तर 22 पिक्सेल, म्हणजे तीन टक्के चेहरा आखूड. फोटो आठपट मोठा करून फ्रेममध्ये लावायचा होता, तिथं ही हनुवटी पावणेचार मिलिमीटर वर सरकली असती. आणि डाव्या भुवईत बैलाच्या शिंगाची जुनी खूण होती, ती तिसऱ्या एडिटमध्ये गायब! मोजमाप न करता त्या पोराच्या आईनं पहिल्यांदा तेच पकडलं.

इलाज असा केला की शेवटच्या एडिटवर मूळ स्कॅनचा चेहरा परत बसवला, कपाळाच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत, मास्कची कडा मऊ ठेवून. शाई हातानं, फक्त गालापुरती काढली. कपडे-बॅकग्राउंड ॲपचं राहू दिलं, त्याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. तर ताडून पाहायचं ते मूळ फोटोशीच, प्रत्येक एडिटनंतर, आणि शक्यतो प्रत्येक एडिट मूळ स्कॅनपासूनच सुरू करायचं. मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आईला दाखवल्याशिवाय फ्रेमची ऑर्डर देऊ नका.

दोन फोटो एकावर एक ठेवायचे म्हणजे नेमकं काय करायचं? माह्याकडे एवढं सॉफ्टवेअर नाही. (आर्वी)

ब्राउझरमध्ये Photopea उघडा, फुकट आहे. खाली मूळ, वर एडिट केलेला, दोन्ही काळेपांढरे करून घ्या. वरच्या लेयरची `Opacity` 50 करा आणि दोन्ही बुबुळांवर बुबुळं बसवा. त्यासाठी सरकवा, फिरवा, चारी बाजूंनी सारखा लहानमोठा करा, बस. एका बाजूनं ताणायचा नाही, वार्प तर अजिबात नाही, कारण ताणून जुळवला की जो फरक शोधायला बसलो तोच आपल्या हातानं झाकला. आता नाकपुड्या, ओठांचे कोपरे, हनुवटी, कानाची पाळी पाहा. जिथं दुहेरी रेघ दिसते तिथं चेहरा सरकला.

मग `Opacity` परत 100 करून लेयरचा मोड `Difference` करा. सारखं ते काळं दिसतं. सगळीकडे एकसारखी राखाडी धूसर आली तर तो फक्त उजेडाचा फरक, घाबरू नका. पण नाकाच्या किंवा जबड्याच्या कडेनं पांढरी रेघ उमटली तर आकार बदललाय.

एक गोम आहे. ॲपनं डोळेच जवळ आणले असतील तर बुबुळं जुळवल्यावर बाकीचा अख्खा चेहरा मोठा झाल्यासारखा वाटतो. म्हणून फोटोची चौकट बदलली नसेल तर आधी काहीच न जुळवता, चौकटीवर चौकट ठेवून पाहा.

एवढं जमत नसेल तर दोन्ही फोटो एकाच मापात कापून मोबाईलच्या गॅलरीत शेजारी ठेवा आणि बोटानं भराभर पुढंमागं करा, जे हललं ते उडी मारताना दिसतं. 1930 साली प्लूटो असाच सापडला होता, आकाशाच्या दोन फोटोंची आलटूनपालटून उघडझाप करून. तरी शंका राहिली तर मूळ फोटो घेऊन जाणत्या माणसाकडे जा, व्हॉट्सॲपवरून पाठवलेला नको, तो दाबून बारीक होतो.

ॲप म्हणते चेहरा 97 टक्के मॅच, मंग झालं ना? (मूर्तिजापूर)

नाही झालं. चेहरा ओळखणारी सिस्टिम वय, उजेड, दाढी बदलली तरी माणूस ओळखता यावा म्हणूनच बनवलेली असते, म्हणजे बारीक फरक सोडून देणं हेच तिचं काम. भुवईतली खूण गेली तरी ती मॅचच म्हणेल. आणि ज्या ॲपला तुम्हाला पैसेवाला प्लॅन विकायचा आहे त्यानंच स्वतःला दिलेले मार्क काय धरून बसता. घरच्या दोन म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं बसवून विचारा.

फोटोत बाबा बाजूले पाहून राहिले, ॲपनं तोंड समोर केलं. एकावर एक काही बसत नाही. (पुसद)

बसणारच नाही. मान वळली की नाक, गाल, कान सगळ्यांच्या जागा बदलतात, `Difference` नुसता पांढरा होईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. हसू बदललं तरी तोंडापुरतं हेच. शिवाय जो गाल फोटोत नव्हताच तो ॲपनं मनानं काढला, त्याला ताडायचं कशाशी? समोरून काढलेला दुसरा एखादा फोटो नातेवाइकांकडे, लग्नाच्या अल्बममध्ये शोधा. नाही मिळाला तर बाजूलाच पाहू द्या बाबांना.

रंग उजळला तर चालते का? पोरीचा फोटो स्थळासाठी द्यायचा आहे. (वरूड)

नका करू. एकावर एक ठेवून हे पकडताही येत नाही, काळेपांढरे केल्यावर रंग तर जातोच, उजेडही धूसरीत लपतो. तसा उजळ ठेवायचाच असेल तर आधी पोरीला विचारा.

असा साफ केलेला फोटो सरकारी कागदाला लावला तर? (उमरखेड)

लावू नका. ज्या ऑफिसात द्यायचा तिथं आधी विचारा.

परवा तेरवी आहे, आज फोटो पाठवला तर उद्या होईल का? (दिग्रस)

आज या, पण मूळ फोटो हातात घेऊन या आणि सोबत काकू किंवा आत्याला आणा. शाई-डाग काढून साधा काळापांढरा उद्या देतो. रंगीत पाहिजे असेल तर वर्षश्राद्धाला करू, वर्षभर वेळ आहे, आणि तेव्हा तरी आदल्या दिवशी येऊ नका.